बंगालीत इंटर्नशिपचा अर्ज : ‘अभिमान’ लिहिलात तर अर्थाचा घोळ

कोथरूड (पुणे) : गावाकडची बरीच पोरं शेवटच्या वर्षाला कोथरूडला खोली करून राहतात आणि इंटर्नशिप शोधतात. समजा, अशाच एका शेतकऱ्याच्या मुलीला पश्चिम बंगालमधल्या गावात शेतकऱ्यांसोबत काम करायचंय. खोलीतल्या बंगाली मैत्रिणीमुळं भाषा बऱ्यापैकी येते. मग अर्जासोबतचं पत्र बंगालीतच का नको? पण ते मराठीवरून शब्दाला शब्द उतरवलं की फसतं.

सगळ्यात मोठा खड्डा ‘अभिमान’ या शब्दाचा. आपल्याकडं ‘मला प्रकल्पाचा अभिमान आहे’ चालतं. बंगालीत अभिमान म्हणजे जवळच्या माणसावरचा रुसवा. वाचणाऱ्याला वाटेल, पोरगी प्रकल्पावर रुसलीय. त्याला तिकडं ‘गर्ब’ म्हणतात, पण अर्जात तोही टाळलेला बरा. उलट ‘चेष्टा’ म्हणजे तिकडं प्रयत्न आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ते बिनधास्त लिहा.

सुरुवात साधी असते. ‘बिषय’ लिहून एका ओळीत काम सांगायचं, खाली ‘महाशय/महाशया’. समोरच्याला कायम ‘आपनि’, ‘तुमि’ नाही. शेवटी ‘बिनीत’ आणि खाली नाव.

खरी कसोटी मधल्या परिच्छेदाची. ‘आमि खुब परिश्रमी ओ अत्यंत दक्ष’, म्हणजे मी फार कष्टाळू आणि अतिशय निपुण, ही झाली बढाई. ‘भुल हले क्षमा करबेन’, चूक झाली तर माफ करा, हे कामाआधीच माघार घेणं. दोन्हींत तिनं काय केलं ते कळतच नाही.

त्यापेक्षा असं लिहावं : ‘चार मास धरे तिन जन चाषिर जमिते माटिर आर्द्रता मापार यंत्र बसियेछि. एकटि यंत्र दु’बार बिकल हयेछिल, निजेइ सारियेछि.’ म्हणजे चार महिने तीन शेतकऱ्यांच्या रानात मातीची ओल मोजणारं यंत्र बसवलं, एक यंत्र दोनदा बंद पडलं, ते स्वतःच दुरुस्त केलं. इथं स्वतःची स्तुती करणारा एकही शब्द नाही, तरी हाताला काम येतं हे वाचणाऱ्याला कळतं. बिघाड सांगितल्यानं उलट विश्वास बसतो.

भाषेबद्दलही खरं तेच सांगावं : ‘बांग्ला बलते पारि, लिखते एखनओ शिखछि.’ बोलता येतं, लिहायला अजून शिकतेय. पत्र कुणाकडून तपासून घेतलं असेल, तर ही ओळ मुलाखतीत वाचवते. कारण तिथं पहिला प्रश्न बंगालीतच येऊ शकतो. शेवट मागणीनं करावा, विनवणीनं नको : ‘सुयोग पेले कृतज्ञ थाकब’, संधी मिळाली तर आभारी राहीन.

पाठवताना पत्र अर्थातच बंगाली लिपीत टाइप करायचं, मोबाईलच्या कीबोर्डमध्ये ती भाषा जोडता येते. आधी बंगाली माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. तो जिथं अडखळेल किंवा हसेल, ती ओळ मराठीतून आलेली समजावी आणि बदलावी.