लागोपाठच्या विजयांचा चकवा

बेंबळीच्या मैदानावर कबड्डीचे सामने भरले आहेत, अशी कल्पना करू या. आसपासच्या गावांचे १६ संघ आले आहेत. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे हरला तो बाहेर. अंतिम सामना संपला आणि एका संघाने लागोपाठ चार सामने जिंकून ढाल पटकावली. "पोरं काय फॉर्मात आहेत! आता यांना कोण हरवणार?" असे सगळे म्हणू लागले.

आता दुसरी कल्पना करा. त्या दिवशी पाऊस आला आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणे उडवून लावला. तरीही कोणता तरी एक संघ लागोपाठ चार वेळा जिंकणारच! पहिल्या फेरीनंतर आठ संघ उरतील, मग चार, मग दोन आणि शेवटी एक. त्या संघाचा 'फॉर्म' कुठून आला? कुठूनच नाही. पाचव्या वेळी नाणे उडवले, तर त्याची जिंकण्याची शक्यता निम्मीच.

विजयांची ओळ पाहिली की पुढचाही विजय ठरलेलाच, असे मनाला वाटते. बास्केटबॉलमध्ये यालाच 'हात गरम असणे' म्हणतात. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया संघाच्या फेकी तपासल्या. लागोपाठ तीन फेकी साधल्यावर पुढची साधण्याचे प्रमाण शेकडा ४६ निघाले, तर तीन चुकल्यावर शेकडा ५६! गरम हाताचा मागमूस नव्हता.

पैज लावणारे मात्र या समजुतीवर पैसे लावतात, आणि त्यामुळे भावही हलतो. तो कसा, ते पाहू. दोन संघ तुल्यबळ आहेत. बुकी दोघांनाही सारखाच भाव देतो : १०० रुपये लावा, जिंकलात तर १९० परत. १०० सामन्यांत प्रत्येकी १०० रुपये लावणाऱ्याचे १०,००० रुपये जातात. त्यातले ५० सामने तो जिंकतो आणि ९,५०० रुपये मिळवतो. सामन्यामागे पाच रुपयांची ही तूट म्हणजे बुकीची कमाई.

आता यातला एक संघ लागोपाठ चार सामने जिंकून आलेला आहे. लोक त्याच्यावरच पैसे लावू लागतात. बुकी त्याचा भाव १८३ वर उतरवतो आणि दुसऱ्याचा १९८ वर चढवतो. संघांचे बळ मात्र बदललेले नाही. त्यामुळे 'फॉर्मातल्या' संघावर लावणाऱ्याला १०० रुपयांमागे सरासरी साडेएक्याण्णव रुपयेच परत मिळतात. पूर्वी पाच रुपये जात होते, आता साडेआठ जातात. मग उलट्या बाजूने लावले तर? तिथे ९९ रुपये मिळतात. भाव चुकला हे ओळखणाऱ्याचाही एक रुपया जातोच, कारण भावातली चूक बुकीच्या कमाईपेक्षा लहान आहे.

हे आकडे आपण समजण्यासाठी घेतले. पण प्रत्यक्षातही असेच घडलेले आहे. कॉलिन कॅमेरर यांनी १९८३ ते १९८६ या काळातील अमेरिकी बास्केटबॉल सामन्यांचे भाव तपासून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. लागोपाठ जिंकत आलेले संघ भावाच्या अपेक्षेपेक्षा थोडे कमी पडत आणि लागोपाठ हरत आलेले थोडे सरस ठरत. पण हा फरक इतका लहान होता की बुकीचा वाटा गेल्यावर त्यातून नफा उरत नव्हता.

मग प्रत्येक मालिका निव्वळ योगायोगाचीच असते काय? नाही. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी लागोपाठ १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. नाणे उडवून असे कधी घडणार नाही. तो संघ खरोखरच बलाढ्य होता. पण हे बळ दीर्घ काळ टिकलेले होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. भावात ते आधीच धरलेले असते. शेवटचे चार विजय त्यात पुन्हा मिळवणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजणे. आणि पुढच्याच मोसमात, १९७३-७४ मध्ये, कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईला बाहेर काढले.

गरम हाताबद्दलचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. १९८५ च्या मोजणीत एक सूक्ष्म दोष असल्याचे मिलर आणि सान्हुर्हो यांनी २०१८ मध्ये दाखवले. तो दुरुस्त केला, तर खेळाडूला थोडीफार लय खरोखर सापडत असावी, असे दिसते. मात्र एका खेळाडूची लय वेगळी आणि संघाची विजयमालिका वेगळी.

नाण्याचा चकवा स्वतःच पाहायचा असेल, तर एक नाणे १०० वेळा उडवा आणि 'छापा', 'काटा' क्रमाने लिहा. बहुतेक वेळा त्यात कुठे तरी लागोपाठ पाच किंवा अधिक सारख्याच बाजू सापडतील. मग अशा प्रत्येक ओळीनंतर पुढे काय पडले, ते मोजा.