सोमवारच्या सहा ओळी

समजा, येवल्यात पैठणीचं एक दुकान आहे. मालक काका साठीच्या पुढचे, धंद्यात मुरलेले. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर जाहिराती चालतात, त्या बघून लोक थेट व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकतात, आणि काउंटरवरची मुलगी उत्तरं देते. जाहिराती लावण्याचं काम बाहेरच्या एका मुलाकडे आहे. तो दर आठवड्याला काकांना मेटाच्या Ads Manager मधल्या तक्त्याचा फोटो पाठवतो. इंप्रेशन, रीच, सीपीएम, सीटीआर. काका अंगठा दाखवतात आणि फोन ठेवून देतात. त्यात आपला काय फायदा झाला, हे त्यांना कळलेलं नसतं. विचारायचा संकोच वाटतो, एवढंच.

या आठवड्याचा तक्ता मात्र झकास दिसतोय. खर्च ९,००० रुपये, म्हणजे मागच्या आठवड्याइतकाच. पण मेसेज ९२ वरून १३८ वर गेले. एक मेसेज आधी ९८ रुपयांना पडत होता, आता ६५ ला. मुलगा खूश आहे, नवीन रील चालली म्हणतोय. काउंटरवरची मुलगी वैतागली आहे, कारण दिवसभर उत्तरं देऊनही साड्या काही जास्त जात नाहीत.

दोघंही खरं बोलताहेत. मेटा ज्याला ‘सुरू झालेलं संभाषण’ म्हणतं, ते फार सैल माप आहे. जाहिरातीवर बोट लागलं की व्हॉट्सअॅप उघडतं आणि "Hello! Can I get more info on this?" असा तयार मजकूर समोर येतो. माणसाने फक्त बाण दाबायचा. तो दाबला की संभाषण मोजलं गेलं, मग पुढे तो माणूस एक अक्षर बोलो न बोलो. सात दिवस गप्प असलेलं जुनं गिऱ्हाईक जाहिरातीतून परत आलं, तरी तेही नवीन संभाषण म्हणूनच धरलं जातं.

म्हणून सारांशाची सुरुवात काउंटरवरून करावी लागते. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये चॅटला रंगीत लेबलं लावता येतात. दोन नवीन लेबलं करायची: ‘खरी विचारपूस’ आणि ‘ऑर्डर’. खरी विचारपूस कशाला म्हणायचं याचा नियम एकदाच ठरवायचा आणि तो बदलायचा नाही. पैठणीच्या दुकानाला एक नियम चांगला बसतो: किंमत कळल्यावरही जो पुन्हा बोलला, रंग विचारला, पदराचा फोटो मागितला, तो खरा. जाहिरातीतून आलेल्या चॅटच्या सुरुवातीला ती जाहिरातही दिसते, त्यामुळे कोण कुठल्या जाहिरातीवरून आलं हे मुलीला तिथल्या तिथे वहीत मांडता येतं. या वहीशिवाय सारांश होतच नाही. हे काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक ठिकाणी सगळं घोडं इथेच अडतं.

वही उघडल्यावर आठवडा वेगळाच दिसतो. १३८ पैकी खरी विचारपूस ४६ जणांची. मागच्या आठवड्यात ती ४४ होती. म्हणजे वाढलेले जवळपास सगळे मेसेज पोकळ. आता दोन्ही जाहिराती वेगळ्या करू. जुन्या फोटोच्या जाहिरातीवर ५,५०० रुपये गेले, ६८ मेसेज आले, त्यातले ३४ खरे. नव्या रीलवर ३,५०० गेले, ७० मेसेज आले, खरे फक्त १२. रीलचा मेसेज ५० रुपयांना आणि फोटोचा ८१ ला, हे खरंच. पण खरं गिऱ्हाईक फोटोतून १६२ रुपयांना मिळालं आणि रीलमधून २९२ ला. रीलमध्ये किंमत लिहिलेली नाही, त्यामुळे नुसती किंमत विचारायलाच गर्दी झाली.

ही गोष्ट वेळीच कळायला हवी, नाहीतर ती आपोआप वाढते. दोन्ही जाहिराती एकाच बजेटवर चालत असतील आणि उद्दिष्ट ‘संभाषणं’ असं दिलेलं असेल, तर मेटाची यंत्रणा जिथे संभाषण स्वस्त मिळतं तिकडे पैसा वळवत राहते. तिला काकांचा गल्ला दिसत नाही. पुढच्या आठवड्यात ३,५०० चे ५,००० कधी झाले, ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

विक्रीचा आकडा मांडताना आणखी एक खोच आहे. पैठणी कुणी पाच मिनिटांत घेत नाही. फोटो घरात फिरतात, सासूबाई बघतात, मग दहा-बारा दिवसांनी पैसे येतात. त्यामुळे ऑर्डर पैसे आले त्या आठवड्यात न धरता पहिला मेसेज आला त्या आठवड्यात मांडायची. या आठवड्याच्या मेसेजमधून सोमवारपर्यंत ७ साड्या गेल्या. मागच्या आठवड्याच्या मेसेजमधून आतापर्यंत ८ गेल्यात, म्हणून विक्री घटली असं वाटेल. पण मागच्या सोमवारी त्याच रकान्यात ६ होत्या. उरलेल्या २ नंतर आल्या. तुलना ७ आणि ६ ची करायची. एवढ्या लहान आकड्यांत एकाच्या फरकाला काही अर्थ नाही, आणि ‘विक्री होती तशीच’ असं स्पष्ट लिहिण्याचं धाडस सारांश लिहिणाऱ्याने करायला हवं.

आता सोमवारी दुकान उघडण्याआधी काकांना जाणारा मेसेज. फोटो नाही, पीडीएफ नाही, साधा मजकूर:

काका, सोमवार ते रविवारचा हिशेब.
जाहिरातीला ९,००० लागले. बँकेतून १०,६२० गेले, वरचे १,६२० जीएसटीचे.
मेसेज १३८, पण खरी विचारपूस ४६. मागच्या वेळी ४४.
आतापर्यंत ७ साड्या, ६३,००० ची विक्री. मागच्या सोमवारी ६ होत्या, म्हणजे विक्री तशीच.
माल आणि कुरिअर जाऊन १८,९०० सुटले. जाहिरात वजा जाता ९,९०० राहिले.
नव्या रीलने मेसेज वाढले, गिऱ्हाईक नाही.
आजपासून रीलवर किंमत टाकतो, बजेट तेवढंच. आठवडाभरात फरक पडला नाही तर रील बंद. चालेल ना?

जीएसटीची ओळ मुद्दाम आहे. Ads Manager मध्ये कराशिवायचा खर्च दिसतो, बँकेत करासकट. १८ टक्क्यांचा हा फरक आधी सांगितला नाही की मालकाच्या मनात शंका बसते. नोंदणीकृत दुकानदाराने आपला जीएसटी क्रमांक जाहिरात खात्यात भरला असेल तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणून नफ्याच्या ओळीत ९,००० च धरले आहेत. शेवटची ओळही तितकीच गरजेची. तिच्यात एकच प्रस्ताव असावा आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नको’ एवढं उत्तर पुरावं.

रीच, फ्रिक्वेन्सी, सीपीएम हे आकडे वाया जाऊ नयेत, पण ते मुलाने आपल्या शीटमध्ये ठेवावेत. खरी विचारपूस दोन-तीन आठवडे सलग घसरली, तर कारण शोधायला ते उपयोगी पडतील.

वेबसाइटवर विक्री करणाऱ्यांनी मात्र जास्त जपून राहावं. नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांतली आणि नुसती जाहिरात दिसल्यापासून एका दिवसातली खरेदीही मेटा आपल्या खात्यात धरतं. जे गिऱ्हाईक तसंही येणार होतं, तेही त्यात मोजलं जातं. त्यामुळे मेटाच्या विक्रीशेजारी दुकानाची एकूण विक्री लिहायलाच हवी.

तुमच्या जाहिराती दुसरं कुणी बघत असेल, तर येत्या सोमवारी त्याच्याकडे दोनच आकडे मागा: खरी विचारपूस किती जणांची, आणि जाहिरातीचे पैसे वजा जाऊन हातात काय राहिलं. ते मिळाले नाहीत, तर आधी काउंटरवरची वही सुरू करा.