गौरीच्या जेवणातल्या तुपाच्या वाट्या

डिशवॉशरवर सासूबाईंचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तो हट्ट नव्हता. पुण्याच्या त्या घरात यंत्र आलं त्याच आठवड्यात स्टीलची ताटं पांढरट डागांनिशी बाहेर निघाली, वाट्यांत आमटी तशीच वाळलेली. त्यांनी सगळी भांडी पुन्हा घासली आणि म्हणाल्या, "हात लागल्याशिवाय भांडं निघत नाही."

दोष वेगळाच होता. घरात बोअरचं जड पाणी यायचं. अशा पाण्यातले क्षार भांड्यावर राहू नयेत म्हणून यंत्राच्या तळाशी पाणी मऊ करणारा एक भाग असतो आणि त्याला खास जाडं मीठ लागतं. तो कप्पा रिकामाच होता. शिवाय वाट्या एकात एक बसवलेल्या. खालचे फिरते दांडे पाण्याचा फवारा मारतात. तो जिथे पोचत नाही, तिथे काहीच धुतलं जात नाही.

गौरीजेवणाच्या दिवशी कामवाल्या मावशींच्या घरीही गौरी, म्हणजे त्यांना सुट्टी. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, खीर आणि वर सढळ तूप. पंगती उठल्या तशी मोरी भरून गेली. सासूबाई घासणी घेऊन बसणार तोच सून म्हणाली, "आई, एक खेप लावू द्या. नाही निघाली तर मी घासते."

मीठ तिने आदल्या दिवशीच भरलं होतं. ताटांतलं खरकटं नुसतं पुसून काढलं, विसळलं नाही. वाट्या एकेक करून पालथ्या, जरा तिरप्या लावल्या. दांडा हाताने फिरवून कशाला अडत नाही ना, ते पाहिलं आणि सत्तर अंशांवर यंत्र चालू केलं.

दोनेक तासांनी दार उघडल्यावर सासूबाईंनी ताटांकडे पाहिलंच नाही. तुपाची वाटी घेतली, आतून बोट फिरवलं, वास घेतला. बोट कोरडं, हिंगाचाही वास नाही. "आत कढत पाणी असतं होय?" त्यांनी विचारलं. नळाच्या गार पाण्याने तूप थिजतं, भांड्याला चिकटून बसतं, हे त्यांना जन्मभर माहीत होतं. तुपाची भांडी त्या कायम कढत पाण्यानेच धूत आल्या होत्या. हाताला न सोसणारं पाणी यंत्र तासभर वापरतं, हे कळल्यावर दुसरी खेप त्यांनीच लावली.

खिरीच्या पातेल्याचा लागलेला तळ मात्र निघाला नाही. तो रात्रभर भिजवावा लागला. ॲल्युमिनियम त्यात काळं पडतं, तांब्यापितळेची चकाकी जाते, म्हणून देवाची भांडी त्या आजही हातानेच उजळतात.

तुमच्याकडे ताटं पांढरी निघत असतील, तर यंत्राला नावं ठेवण्याआधी मिठाचा कप्पा उघडून बघा.