कार्यालयाचा पत्ता बदलताना

कार्यालय हलवल्याचे पत्र ग्राहकाला दोन गोष्टी सांगते: काय बदलले आणि काय तसेच राहिले. पहिला भाग छोटा असतो. त्यात नवा पूर्ण पत्ता, पिनकोड, जवळची खूण, कामकाज सुरू होण्याची तारीख आणि जुन्या जागी टपाल किती दिवस स्वीकारले जाईल हे येते.

दुसरा भाग अधिक काळजीने लिहावा लागतो. समजा, पुण्यातील एक पुरवठादार सदाशिव पेठेतून कोथरूडला गेला. त्याचा जीएसटी क्रमांक बदलत नाही, कारण त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. नोंदणीतील पत्ता मात्र १५ दिवसांच्या आत अर्ज करून बदलून घ्यावा लागतो. तोच पुरवठादार बेळगावला गेला, तर राज्य बदलल्यामुळे कर्नाटकातील नवी नोंदणी लागते आणि ग्राहकाला नवा क्रमांक कळवावा लागतो.

बँक खाते तेच असल्यास तसे स्पष्ट लिहावे, पण खाते क्रमांक पत्रात छापू नये. स्थलांतराच्या काळात ‘आमचे खातेही बदलले’ असे बनावट ईमेल पाठवून पैसे वळवले जाऊ शकतात. म्हणून असा संदेश आल्यास ग्राहकाने त्यातील नंबरावर नव्हे, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरावर फोन करून खात्री करावी आणि तोवर पैसे भरू नयेत.