क्वांटम संगणकाचा वेग : ‘अटी लागू’

दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणे असतात. दोन अज्ञात संख्या, दोन समीकरणे. एक चल काढून टाकायचे की दुसऱ्याची किंमत मिळते. विमानाच्या पंखावरचा दाब, पुलाच्या सांगाड्यावरचा ताण किंवा हवामानाचा अंदाज काढताना संगणक मुळात हेच करतो. फरक इतकाच, की तिथे अज्ञात संख्या लाखो-कोटींच्या घरात असतात. अज्ञात संख्या दुप्पट झाल्या की नेहमीच्या संगणकाचे काम निदान दुप्पट होते, बऱ्याचदा त्याहून जास्त.

म्हणूनच २००९ मध्ये ॲराम हॅरो, अविनातन हासिदिम आणि सेथ लॉइड या तिघांनी अशी समीकरणे सोडवण्याची क्वांटम रीत प्रसिद्ध केली, तेव्हा खळबळ उडाली. आद्याक्षरांवरून ती ‘एचएचएल’ नावाने ओळखली जाते. अनुकूल परिस्थितीत या रीतीचे काम अज्ञात संख्यांच्या नव्हे, तर त्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या बेताने वाढते. अज्ञात संख्या दुप्पट झाल्या तरी काम किंचितच वाढते. यंत्राला आकडेवारीवरून शिकवण्याच्या कामात, म्हणजे मशीन लर्निंगमध्येही पावलोपावली अशीच समीकरणे येतात. त्यामुळे ‘क्वांटम मशीन लर्निंग’चे दावे या रीतीच्या खांद्यावर उभे राहिले.

या वेगाचे मूळ क्युबिटमध्ये आहे. ३० क्युबिटांच्या एका अवस्थेत २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी आकडे एकाच वेळी सामावतात. पण ते कागदावर लिहिल्यासारखे नसतात. प्रत्येक आकडा म्हणजे त्या अवस्थेतल्या एका शक्यतेचे वजन असते. अडचणी इथूनच सुरू होतात.

पहिली अडचण आकडे आत नेण्याची. समीकरणांच्या उजव्या बाजूला १०७ कोटी संख्या आहेत आणि त्या कुठल्याशा फाइलमध्ये साठवलेल्या आहेत असे धरू. त्यांच्यात काही सूत्र नसेल, तर प्रत्येक संख्या निदान एकदा वाचावीच लागेल. म्हणजे सोडवण्याचे काम सुरू होण्याआधीच अब्जाहून अधिक पावले खर्ची पडली. पुढची आकडेमोड कितीही झटपट झाली, तरी लॉगॅरिदमचा फायदा दारातच संपला. यावर तोडगा म्हणून ‘क्वांटम रॅम’ नावाची स्मृती कल्पिली गेली आहे. हव्या तेवढ्या जागांवरचे आकडे ती एकाच वेळी क्युबिटांना पुरवील अशी अपेक्षा आहे. कामाच्या आकाराची अशी स्मृती अजून कोणी उभारलेली नाही.

दुसरी अडचण उत्तर बाहेर काढण्याची. ती समजण्यासाठी छोटे उदाहरण पुरेसे आहे. समजा, चार अज्ञात संख्यांची उत्तरे ३, १, १ आणि ५ आहेत. दोन क्युबिटांत ती मावतात. पण मापन केल्यावर हे चार आकडे पडद्यावर येत नाहीत. येतो तो फक्त एक क्रमांक. कोणता क्रमांक येणार, हे उत्तरांच्या वर्गांवरून ठरते. वर्ग ९, १, १ आणि २५, बेरीज ३६. म्हणून ३६ पैकी सरासरी २५ वेळा ‘चौथा’, ९ वेळा ‘पहिला’ आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकी एकदा ‘दुसरा’ किंवा ‘तिसरा’ असे उत्तर मिळेल. उत्तर ५ होते की उणे ५, हेही नुसत्या या मोजणीतून कळत नाही. शिवाय एकदा मापन केले की अवस्था मोडते. पुढच्या मापनासाठी आकडे पुन्हा भरायचे आणि गणित पुन्हा करायचे. अब्ज संख्या असतील, तर सगळी उत्तरे जाणून घ्यायला निदान अब्जाच्या घरात फेऱ्या लागतात.

म्हणजे एचएचएल रीत समीकरणे ‘सोडवते’ याचा अर्थ ती उत्तरांची यादी हातात देते असा नाही. उत्तराविषयीचा एखादा ठराविक प्रश्न तिला विचारता येतो. मूळ शोधनिबंधातही हे स्पष्ट होते. क्वांटम गणनशास्त्रज्ञ स्कॉट ॲरनसन यांनी २०१५ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये या साऱ्या अटी एकत्र मांडून बारीक अक्षरातला मजकूर वाचण्याचा सल्ला दिला.

दोन्ही दारे टाळणारे उदाहरण शोधण्याचे प्रयत्नही झाले. एखाद्या वस्तूवर आदळलेल्या रडारच्या लहरी किती विखुरतात, हा असाच प्रश्न. समीकरणांतले आकडे वस्तूच्या आकारावरून सूत्राने काढता येतात आणि शेवटी हवी असते एकच संख्या. २०१७ मध्ये आर्टुर शेरर आणि सहकाऱ्यांनी अशा एका प्रश्नाचा पूर्ण हिशेब प्रसिद्ध केला. अज्ञात संख्या होत्या सुमारे ३३ कोटी २० लाख. सूत्राने आकडे पुरवण्याचा खर्च सोडला, तर एकामागून एक करायच्या क्रिया निघाल्या एकावर २५ शून्ये इतक्या. तो धरला तर एकावर २९ शून्ये. सेकंदाला अब्ज क्रिया करणाऱ्या यंत्रालाही त्यासाठी सुमारे तीन लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. त्यानंतर रीती पुष्कळ सुधारल्या आहेत, पण नुसता आकडे पुरवण्याचा खर्च काम दहा हजारपट वाढवू शकतो, हे त्या हिशेबाने दाखवले.

खरा धक्का २०१८ मध्ये बसला. ग्राहकाला आवडेल अशी वस्तू सुचवण्याची एक क्वांटम रीत योर्डानिस केरेनिडिस आणि अनुपम प्रकाश यांनी २०१६ मध्ये मांडली होती. ग्राहक आणि वस्तूंचा प्रचंड तक्ता विशिष्ट रचनेत आधीच साठवलेला असेल, हे त्यात गृहीत होते. सगळा तक्ता वाचून दाखवायचा नव्हता, एखादी चांगली शिफारस पुरेशी होती. त्यामुळे दुसरी अडचणही टळली होती. टेक्सास विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या १८ वर्षांच्या इविन टँग यांना ॲरनसन यांनी काम दिले ते नेहमीचा संगणक हे इतक्या वेगाने करूच शकणार नाही, हे सिद्ध करण्याचे. निघाले उलटेच. तीच साठवणीची रचना नेहमीच्या संगणकालाही दिली, तर मोठे आकडे जास्त वेळा आणि लहान कमी वेळा असा नमुना त्यालाही चटकन उचलता येतो. लोकांच्या आवडीनिवडी मोजक्याच ठशांत बसत असतील, तर असा छोटा नमुना चांगल्या शिफारशीला पुरतो. घातांकी वाटणारी आघाडी नाहीशी झाली. पुढे अशाच इतर काही दाव्यांचेही तेच झाले.

याचा अर्थ एचएचएल खोटी ठरली असा नाही. ज्या समीकरणांत प्रत्येक ओळीत मोजक्याच संख्या शून्याहून वेगळ्या असतात, पण ज्यांचा तक्ता थोड्या ठशांत दाबून बसवता येत नाही, तिथे टँग यांची युक्ती चालत नाही. नेहमीचा संगणक अशी सगळी समीकरणे तितक्याच वेगाने सोडवू लागला, तर क्वांटम संगणकाचे कोणतेच काम त्याला अवघड उरणार नाही, असे मूळ शोधनिबंधातच सिद्ध केलेले आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘कोटीपट वेगवान’ अशी बातमी आली, तर तीन गोष्टी शोधाव्यात. आकडे आत कसे गेले आणि तो वेळ हिशेबात धरला का? बाहेर काय आले, पूर्ण उत्तर की त्याविषयीची एकच संख्या? आणि तुलना करताना नेहमीच्या संगणकालाही तीच सोय दिली होती का?