पाय जमिनीवर असतो सेकंदाचा दहावा भाग

मागच्या लेखात मायोसिनचे डोके अ‍ॅक्टिनला पकडून कसे ओढते ते पाहिले. आज प्रश्न त्या ओढण्याच्या वेगाचा आहे आणि त्यासाठी बेंगळुरूतल्या दोन धावा समोर ठेवू.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या राष्ट्रीय खुल्या मैदानी स्पर्धेत मणिकंठ होबळीधरने शंभर मीटर १०.२३ सेकंदांत पार केले. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. त्याआधी मे २०२२ मध्ये याच शहराच्या रस्त्यांवर केनियाचा निकोलस किमेली दहा किलोमीटर २७ मिनिटे ३८ सेकंदांत धावला होता. किमेलीच्या वेळेला शंभराने भागले तर दर शंभर मीटरला साधारण १६.६ सेकंद येतात. एका शंभर मीटरमध्ये होबळीधर त्याला सहा सेकंदांहून अधिक फरकाने मागे टाकील. पण किमेली तो टप्पा लागोपाठ शंभर वेळा धावतो. होबळीधरच काय, जगातला कुठलाही धावपटू १०.२३ सेकंदांचा वेग मैदानाची एक पूर्ण फेरीही टिकवू शकत नाही.

दोघांच्या दमात किंवा जिद्दीत उत्तर शोधण्याआधी पायाखाली बघा. पूर्ण वेगात असलेल्या स्प्रिंटरचे पाऊल जमिनीला टेकते ते सेकंदाच्या दहाव्या भागाइतके, कधी त्याहून कमी. पुढे जाण्यासाठी जो काही रेटा द्यायचा, तो एवढ्या वेळात. दहा किलोमीटर धावणाऱ्याला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो.

आता तंतूंकडे या. मज्जातंतूचा एकच संदेश दिला तर मंदगती तंतूला, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या लाल तंतूला, पूर्ण ताण निर्माण करायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. जलदगती म्हणजे पांढरा तंतू ते काम जवळपास निम्म्या वेळात करतो. मंद तंतूचा जोर ऐन भरात येईपर्यंत स्प्रिंटरचे पाऊल उचललेले असते. प्रत्यक्षात मेंदू पाऊल टेकण्यापूर्वीच स्नायूंना संदेश पाठवतो, त्यामुळे मंद तंतू अगदीच वाया जात नाहीत. पण आखडण्याचा वेग मात्र आगाऊ संदेशाने वाढत नाही. तो मायोसिनच्या जातीवर ठरतो, आणि सर्वांत वेगवान तंतू मंद तंतूच्या कित्येक पट वेगाने आखडतो.

या वेगाची किंमत एटीपीमध्ये मोजावी लागते. जलद मायोसिन एटीपी झपाट्याने फोडते. तेवढ्या झपाट्याने ते भरून देणारा साठा क्रिएटिन फॉस्फेटचा, आणि तो काही सेकंदांतच बराचसा संपतो. म्हणून शंभर मीटरच्या शेवटच्या टप्प्यात सगळेच धावपटू मंदावतात. जिंकणारा आपल्याला वेग वाढवताना दिसतो, पण बहुतेक वेळा तो इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. मंद तंतूचा खर्च कमी आणि पुरवठा सततचा. त्याच्याभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, आत ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन आणि भरपूर तंतुकणिका. तो तासन्‌तास चालतो.

इथवर हिशेब सोपा आहे, आणि अनेक विद्यार्थी इथेच थांबतात: पांढरे तंतू वेगवान शर्यतीचे, लाल लांबच्या. अविनाश साबळेची एक शर्यत या समजुतीत बसत नाही.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या, सैन्यात दाखल झालेल्या या धावपटूने बेंगळुरूच्या साई केंद्रातही सराव केला आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण घेणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोतची वेळ होती ८:११.१५. फरक पाच शतांश सेकंदांचा, म्हणजे त्या वेगाला एक-दीड वीत अंतर. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या पार करून, आठ मिनिटे ऑक्सिजनवर धावलेल्या दोघांचा निकाल शेवटच्या सरळ पट्ट्यातल्या स्प्रिंटवर लागला. तो स्प्रिंट कुठल्या तंतूंनी केला?

इथे एलवूड हेनेमन यांनी मांडलेला क्रम कामी येतो. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीतले सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट होते. शरीर आधी लहान युनिटे कामाला लावते, ती मंद तंतूंची. जोराची गरज वाढली की मोठी, जलद तंतूंची युनिटे सामील होतात. पंगतीत आधी पहिली रांग बसते आणि पाने कमी पडली की दुसरी मांडतात, तसे. म्हणजे सावकाश धावणाऱ्याचे जलद तंतू बहुतांशी स्वस्थ असतात. पण वेग वाढला, चढ आला, अडथळा आला किंवा मंद तंतूंमधले ग्लायकोजेन आटत गेले, की वेग तोच ठेवायलासुद्धा त्यांना बोलवावे लागते. साबळे प्रत्येक अडथळ्यावरून झेपावताना ते वापरत होता आणि शेवटी उरलेलेही त्याने पणाला लावले. लांबच्या धावपटूला जलद तंतू लागतातच. फक्त ते लवकर दमणारे असून चालत नाही.

जलद तंतूंच्या दोन जाती आहेत हे इथे महत्त्वाचे ठरते. दोन-एक्स सर्वांत वेगवान आणि सर्वांत लवकर थकणारा. दोन-ए त्याच्या खालोखाल वेगवान, पण तंतुकणिका बऱ्यापैकी असल्याने बराच टिकाऊ. बऱ्याच तंतूंमध्ये दोन जातींचे मायोसिन एकत्रही सापडते. सरावाने दोन-एक्सचे दोन-ए होणे सहज घडते, आणि गंमत म्हणजे वजने उचलूनही हेच घडते. एका डॅनिश प्रयोगात तीन महिन्यांच्या जड वजनांच्या सरावाने दोन-एक्सचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून २ वर आले. नंतर सराव तीन महिने बंद ठेवल्यावर ते १७ पर्यंत चढले. मोठ्या स्पर्धेआधी स्प्रिंटरचा सराव कमी करण्यामागची कारणे अनेक आहेत, पण या निष्कर्षाकडे प्रशिक्षकांचे लक्ष गेले नसते तरच नवल. लालचा पांढरा किंवा पांढऱ्याचा लाल होणे मात्र फार अवघड. त्याचे पुरावे तुटपुंजे आहेत.

मग आपल्यात कोणते तंतू किती, हे कळते कसे? खात्रीने कळते ते बायोप्सीने. भूल देऊन मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूतून जाड सुईने छोटा तुकडा काढतात, गोठवून त्याचे पातळ काप करतात आणि रंगवून तंतू मोजतात. यातही खोच आहे. एका तुकड्यावरून अख्खा पाय कळत नाही. पोटरीतला आतला सोलियस स्नायू उभे राहण्याच्या कामामुळे जवळजवळ सर्वांमध्येच बहुतांशी मंद असतो. उंच उडीवरून किंवा ठरावीक वजन किती वेळा उचलता येते यावरून तंतू ओळखण्याच्या चाचण्या व्यायामशाळांत चालतात. त्यात कौशल्य, सवय आणि कंडराची ताकद मिसळलेली असते, म्हणून मी त्यांना अंदाजापलीकडे किंमत देत नाही.

बायोप्सीच्या आकड्यावरूनही निकाल सांगता येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याचे चौदा अव्वल धावपटू तपासले. पोटरीतल्या मंद तंतूंची सरासरी ७९ टक्के आली, म्हणजे सामान्य माणसाच्या बरीच वर. पण वैयक्तिक आकडे ५० पासून ९८ पर्यंत पसरले होते. पन्नास टक्केवालाही त्याच अव्वल गटातला. त्याचे हृदय किती रक्त ढकलते, एका पावलामागे तो किती ऑक्सिजन खर्च करतो आणि त्याचे दोन-ए तंतू किती टिकाऊ झाले आहेत, हे त्या सुईतून आलेल्या टक्केवारीत दिसत नाही.

पुढील लेख: लॅक्टेट आणि दमणे यांचा संबंध.