सोसायटीच्या हिरवळीवर उरणारे जंत

कुत्र्याच्या ताज्या विष्ठेची किळस येते, पण जंतांपुरते बोलायचे तर ती त्या दिवशी फारशी धोक्याची नसते. धोका पुढे तयार होतो. टॉक्सोकॅरा नावाचा गोलकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची मादी रोज हजारो अंडी घालते. विष्ठेतून बाहेर पडलेली ही अंडी लगेच कोणाला बाधत नाहीत. त्यांच्यात अळी तयार व्हायला उबदार, ओलसर मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पावसाने किंवा बागेच्या पाण्याने विष्ठा विरघळून गेलेली असते आणि जागा स्वच्छ दिसते. अंडी मात्र मातीत कित्येक महिने, कधी काही वर्षेही तग धरतात. म्हणूनच विष्ठा त्याच वेळी उचलणे हा सर्वात सोपा आणि खात्रीचा उपाय ठरतो. एकदा ती मातीत मिसळली की अंडी वेचून काढता येत नाहीत.

अनेक सोसायट्यांत सकाळी सफाई कामगार पाइप लावून ती जागा धुतो. फरशीवरची घाण त्याने जाते, पण पाणी वाहत जाऊन शेजारच्या हिरवळीत किंवा मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात मुरत असेल तर अंडीही तिथेच पोहोचतात. फिनाईल शिंपडल्याने वास जातो. टॉक्सोकॅराच्या अंड्यांचे कवच इतके जाड असते की नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही.

वाळूत खेळून मुलाने तसाच हात तोंडात घातला की अंडी पोटात जातात. माणसाच्या शरीरात हा कृमी पूर्ण वाढत नाही, पण त्याची अळी यकृत, फुप्फुसे आणि क्वचित डोळ्यापर्यंत भटकते. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. काही मुलांना ताप, खोकला किंवा पोटदुखी होते. अळी डोळ्यात शिरली तर दृष्टी कायमची अधू होऊ शकते. हे विरळा घडते, मात्र डोळ्याला झालेली इजा औषधाने भरून निघतेच असे नाही.

अंकुशकृमीला तोंडातून जाण्याचीही गरज नसते. त्याची अंडी ओल्या, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरू शकतात. मग पायावर लाल, नागमोडी रेघ उमटते. ती प्रचंड खाजते आणि दररोज थोडी पुढे सरकते. अशी रेघ दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञाला ती कुठल्या मातीत खेळल्यानंतर आली हे सांगावे. निदान बहुधा पाहूनच होते. कडक ऊन आणि कोरडेपणा या अळ्यांना सोसत नाही. पावसाळ्यात त्यांचे फावते.

नवे पिल्लू घरी आले की प्रश्न अधिक नाजूक होतो. टॉक्सोकॅरा आईच्या गर्भातूनच पिल्लात उतरतो, त्यामुळे सुदृढ दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही अंडी असू शकतात. पशुवैद्य साधारणपणे दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध देतात आणि पुढे अंतर वाढवत नेतात. हे वेळापत्रक चुकले तर खालच्या बागेला त्याचा हिस्सा मिळतो. पार्व्होसारखा विषाणू तर ताज्या विष्ठेतूनच पसरतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लस पूर्ण न झालेल्या शेजारच्या पिल्लाच्या तो जिवावर बेतू शकतो.

उचलण्याची पद्धत साधी आहे. पिशवी हातमोज्यासारखी हातात घालायची, विष्ठा पकडायची, पिशवी उलटी करून गाठ मारायची. कुत्रा बसण्याच्या बेतात असताना खाली वर्तमानपत्र सरकवले तर जमिनीला काही लागतच नाही. पातळ शी होत असेल तेव्हा तर हाच मार्ग बरा, कारण ती गवतातून पूर्ण निघत नाही. घरी आल्यावर कागदावरची विष्ठा कमोडमध्ये टाकून फ्लश करता येते. पिशवी किंवा कागद मात्र त्यात टाकू नये, पाइप तुंबतो. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्यातही विष्ठा नको: तिथे सगळ्या ढिगाला अंडी मारण्याइतकी उष्णता सलग मिळेल याची खात्री नसते आणि तेच खत परत कुंड्यांत जाते.

शेजाऱ्यांच्या तक्रारींत ‘हे भटक्या कुत्र्याचे आहे’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते कधी कधी खरेही असते. पण त्या वादात घाण तिथेच राहते आणि शेवटी ती सफाई कामगाराच्या हातून, अनेकदा हातमोज्याशिवाय, उचलली जाते. पाळीव कुत्रा ठेवण्यावर सोसायटी बंदी घालू शकत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पाळीव प्राण्याची घाण मालकानेच उचलावी अशी अपेक्षाही त्याच सूचनांत आहे. मुंबईत महापालिकेच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींनुसार सार्वजनिक जागी ती न उचलल्यास मालकाला दंड होऊ शकतो. सोसायटीच्या आवारात मात्र पिशव्यांचा खोका आणि झाकणाची वेगळी बादली फाटकाजवळ ठेवणे व ती रोज रिकामी करणे हे काम समितीनेच ठरवून द्यावे लागते.